पहिला मेसेज वाचता आला नाही, तर काय करायचं?



गेल्या वर्षी एका गटाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नव्या ताईंचा पहिलाच मेसेज आला. गटात येऊन त्यांना दोन महिने झाले होते. बैठकीत त्या फारशा बोलत नसत, आणि ग्रुपवर तर त्यांचा तोपर्यंत एक शब्दही नव्हता. सगळ्यांच्या फोनवर जे उमटलं ते असं होतं:

```
ueLdkj rkbZ gIrk 1500 nksu fnol m'khj gksbZy
```

मध्ये एक १५०० सोडलं तर कुणाला काही कळेना. एकीने लिहिलं, ‘ताई, फोनवरून मांजर चाललं वाटतं!’ त्याखाली चार-पाच हसरे चेहरे आले. सचिवताई त्या वेळी धोपाव्याच्या फेरीबोटीत होत्या. त्यांनी घाईत पाहिलं, १५०० आकडा दिसला. हप्ता भरल्याचं कळवलं असेल असं धरून त्यांनी अंगठा दाखवला आणि फोन पिशवीत टाकला.

आता खरा मजकूर वाचा. ‘नमस्कार ताई, हप्ता १५००, दोन दिवस उशीर होईल.’

म्हणजे ताई उशिराची परवानगी मागत होत्या. वर अंगठा आला म्हणून त्या निश्चिंत झाल्या. बैठकीच्या दिवशी हिशेब जुळेना. सचिव म्हणाल्या, ‘तुम्ही तर भरले म्हणून कळवलंत.’ ताई म्हणाल्या, ‘मी तर उशीर होईल म्हटलं, आणि तुम्ही हो म्हणालात.’ नियमाप्रमाणे दंड लागला. पुढे खरं काय ते कळल्यावर दंड मागे घेतला. पण त्या मांजराच्या मेसेजनंतर ताईंनी ग्रुपवर पुन्हा काही लिहिलं नाही. काही कळवायचं असलं की मुलाला बैठकीच्या दारात पाठवायच्या.

यात दोन चुका झाल्या. हसण्याची चूक सगळ्यांना दिसते. अंगठ्याची चूक मला जास्त मोठी वाटते, कारण न वाचलेल्या गोष्टीला त्यात होकार गेला. असा मेसेज मुळात येतो कसा, तो ओळखायचा कसा, आणि पाठवणारीला चार जणींत खाली बघायला न लावता मजकूर काढून कसा घ्यायचा, ते आज बघू.

ही अक्षरं येतात कुठून?

त्या ताईंचं शिक्षण चौथीपर्यंत. ग्रुपवर आपलं लिहिणं चुकीचं दिसायला नको, म्हणून त्या स्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात गेल्या. तिथल्या मुलाला सांगून नीट टाइप करून घेतलं. दुकानातल्या पडद्यावर त्यांनी स्वतः वाचून पाहिलं, स्वच्छ मराठी होतं. मुलाने तो मजकूर तिथून उचलला आणि ताईंच्या व्हॉट्सॲपमध्ये चिकटवला. पडद्यावरून निघालेलं मराठी ग्रुपवर पोहोचेपर्यंत असं झालं.

कारण सांगते. किराणा दुकानदार मालावर खरेदीची किंमत स्वतःच्या खुणेत लिहितात, ते तुम्ही पाहिलं असेल. आकड्यांऐवजी अक्षरं मांडतात, कुठल्या अक्षराचा कुठला आकडा ते त्यांनाच ठाऊक. बाहेरच्याला त्यातून काही कळत नाही. मराठीचे जुने संगणक फॉन्ट तसेच चालतात. कृतिदेव नावाचा फॉन्ट दुकानात अजून सर्रास वापरतात. त्यात म हवा असेल तर इंग्रजी e ची कळ दाबायची, न साठी u, त साठी r, आणि काना म्हणजे k. संगणकाच्या पोटात साठतं ते e आणि u हेच. फॉन्ट फक्त त्या जागी म आणि न यांचं चित्र काढून दाखवतो.

मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला की अक्षरं जातात, फॉन्ट मागे राहतो. आपल्या फोनमध्ये कृतिदेव नसतो, म्हणून फोन बिचारा जे साठलंय तेच दाखवतो. बचत गट हे दोन शब्द असे दिसतात:

```
cpr xV
```

c म्हणजे ब, p म्हणजे च, r म्हणजे त. पुढे x ग आणि V ट. यात चूक काहीच नाही. मजकूर पूर्ण आहे, खूण तेवढी परक्या दुकानाची आहे.

एकट्या कृतिदेवची ही गोष्ट नाही. शिवाजी, श्री-लिपी असे फॉन्ट मराठी छापखान्यांत आणि कचेऱ्यांत वर्षानुवर्षं चालले, आणि प्रत्येकाची खूण वेगळी. सगळ्या यंत्रांना कळेल अशी एकच खूण असावी म्हणून युनिकोड आलं. त्याची पहिली आवृत्ती १९९१ची, आणि देवनागरी त्यात तेव्हापासून आहे. आपल्या फोनवरचं मराठी युनिकोडमध्येच असतं. म्हणून फोनवरून फोनवर पाठवलेलं मराठी सहसा बिघडत नाही. बिघडतं ते बहुतेक वेळा जुन्या फॉन्टच्या संगणकावरून उचललेलं.

आता हे आपल्या कामाचं का, ते बघा. तुमच्या ग्रुपवर असा मेसेज आला तर तो बहुतेक करून मुद्दाम टाइप करून घेतलेला असतो. कुणीतरी दुकानापर्यंत गेलंय, कदाचित टाइपिंगचे पैसे मोजलेत, वाचून खात्री केलीय. निष्काळजीपणाने असं काही होत नाही. ‘ह्यांना फोन वापरता येत नाही’ असं आपण पटकन ठरवतो, ते साफ चुकीचं असतं.

आधी ओळखायचं, मग विचारायचं

न वाचता येणारे मेसेज सगळे एका जातीचे नसतात. कुठल्या जातीचा आहे ते कळलं तर पाठवणारीला एकच नेमका प्रश्न विचारता येतो. नाहीतर ‘परत पाठवा, परत पाठवा’ म्हणून आपण तिला चार वेळा दमवतो, आणि चारही वेळा तोच बिघाड येतो.

कृतिदेवचा मेसेज ओळखणं सोपं आहे. शब्दांमध्ये मोकळ्या जागा ठिकठिकाणी असतात, शब्दांची लांबी मराठीसारखी असते, पण अक्षरं इंग्रजी आणि उच्चार करता न येणारी. k सारखा सारखा दिसतो, कारण मराठीत काना सारखा लागतो. शब्दाच्या मध्येच, किंवा ' किंवा / अशी चिन्हं येतात. पहिली वेलांटी म्हणजे f, आणि ती अक्षराच्या आधी बसते, म्हणून ‘दिवस’ हा fnol असा f ने सुरू होतो. आकडे मात्र जसेच्या तसे वाचता येतात. यातच धोका आहे. आजूबाजूचं काही कळत नाही आणि आकडा तेवढा कळतो, मग आपलं मन त्या आकड्याभोवती स्वतःचं वाक्य रचतं. सचिवताईंनी ‘भरले’ हा शब्द मेसेजमध्ये वाचलेला नव्हता, तो त्यांच्या मनातून आला होता.

दुसरी जात चौकोनांची. अक्षरांच्या जागी रिकामे डबे दिसतात. यात मेसेज धड असतो, फोनमध्ये ते अक्षर काढायची सोय नसते. तोच मेसेज दुसऱ्या, नव्या फोनवर पुढे पाठवून बघा, बहुतेकदा लगेच वाचता येतो. इथे पाठवणारीला काही विचारायची गरजच नाही.

तिसरी जात प्रश्नचिन्हांची. ???? ??? अशी रांग. ही सर्वांत वाईट. वाटेतल्या एखाद्या यंत्राला मराठी अक्षरं कळली नाहीत, त्याने ती टाकून दिली आणि जागी प्रश्नचिन्हं ठेवली. मजकूर गेलाच. कुणाही जाणकाराकडे नेलात तरी परत मिळत नाही. मागून घेण्याशिवाय इलाज नाही, आणि त्याच वाटेने मागितलात तर तेच होणार. दुसऱ्या वाटेने मागा, फोनवर किंवा फोटो काढून.

चौथी जात आपल्याला मेसेजपेक्षा यादीत भेटते. सभासदांची यादी ईमेलने आली, संगणकावर उघडली, आणि ‘ताई’ या शब्दाच्या जागी असं दिसलं:

```
à¤¤à¤¾à¤ˆ
```

तो डोक्यावर रेघ असलेला à पुन्हा पुन्हा दिसला की समजा, मजकूर युनिकोडमध्येच आहे, फक्त संगणकाने फाइल चुकीच्या पद्धतीने उघडलीय. फाइल उघडताना UTF-8 हा पर्याय निवडा म्हणून संगणकवाल्याला सांगा, बहुतेक वेळा सगळी नावं परत येतात. यादी पाठवणारीला फोन करून ‘तुमची यादी खराब आली’ असं म्हणू नका. तिने पाठवलेली यादी चांगली आहे.

आता त्या मेसेजला उत्तर काय द्यायचं?

ग्रुपवर असा मेसेज आला तर पहिली पाच मिनिटं महत्त्वाची असतात. कुणीतरी गंमत करायच्या आत अध्यक्ष किंवा सचिवांनी ग्रुपवर एक साधी ओळ टाकायची:

‘ताई, मेसेज मिळाला. तुम्हाला आत्ता फोन करते.’

एवढंच. ‘वाचता आला नाही’ हे ग्रुपवर लिहायचं नाही. या एका ओळीने बाकीच्यांना कळतं की विषय कुणीतरी हातात घेतलाय, आणि मांजराचा विनोद तोंडातच राहतो. ‘मिळाला’ आणि ‘कळला’ यांत फरक आहे, तो राखायचा. म्हणून अंगठा नको, हात जोडलेले नकोत, ‘ओके ताई’ नको. बचत गटात अंगठ्याचा अर्थ होकार असाच घेतला जातो, आणि पैशाच्या बाबतीत तो होकार पुढे हिशेबाच्या वहीपर्यंत जातो.

काही ॲडमिन ताई असा मेसेज ग्रुपवरून काढून टाकतात. हेतू चांगला असतो, कुणी हसू नये म्हणून. पण पाठवणारीच्या फोनवर ॲडमिनने तुमचा मेसेज काढला असं दिसतं, आणि तिला वाटतं आपण काही वावगं लिहिलं. तो राहू द्या. दिवसभरात वरून वीस मेसेज येतात, कुणी मागे जाऊन बघत नाही.

मग त्यांना एकटीला लिहा किंवा फोन करा. शब्द साधारण असे:

‘ताई, नमस्कार. तुमचा मेसेज आला. माझ्या फोनवर अक्षरं नीट उमटली नाहीत, १५०० एवढा आकडा दिसतोय. हप्त्याबद्दल आहे का? दोन मिनिटं बोलू या, किंवा आवाजात सांगून पाठवलंत तरी चालेल.’

यात काय काय आहे ते बघा. ‘माझ्या फोनवर उमटली नाहीत’ हे खरं आहे, उगाच स्वतःवर घेतलेला खोटा दोष नाही. ‘माझा फोनच बिघडलाय’ अशी थाप मारू नका. उद्या त्याच फोनवर तुम्ही इतरांचे मेसेज वाचताना दिसाल, आणि मग त्या ताईंना कळेल की आपल्याला समजावून घेतलं जात होतं. जेवढं दिसलं तेवढं सांगितलं आहे, म्हणून त्यांना पहिल्यापासून सगळं सांगावं लागत नाही. आणि ‘पुन्हा लिहा’ म्हटलेलं नाही. लिहिण्यातच ज्यांची अडचण झाली, त्यांना पुन्हा लिहायला लावणं बरं नाही. बोलायची वाट मोकळी ठेवली आहे.

फोनवर बोलणं झालं की ऐकलेलं त्यांनाच परत म्हणून दाखवा. ‘म्हणजे सोमवारचा हप्ता तुम्ही बुधवारी भरणार, पंधराशे पूर्ण, बरोबर?’ त्यांनी हो म्हटलं की मगच वहीत. आणि ग्रुपवर काय सांगायचं ते त्यांना विचारा. उशिराचं कारण दवाखाना असेल, घरातली ओढाताण असेल, ते सगळ्यांना सांगायचं की नाही हे त्यांनी ठरवायचं. ‘ताईंशी बोलणं झालं, वहीत नोंद घेतली’ एवढं ग्रुपला पुरतं.

पाठवणारी फोन उचलत नसेल, आणि मजकूर तातडीचा वाटत असेल, तर कृतिदेवचा मजकूर उलगडूनही घेता येतो. ज्या संगणकात कृतिदेव आहे तिथे तो मजकूर वर्डमध्ये चिकटवायचा, निवडायचा, आणि फॉन्टच्या यादीतून Kruti Dev 010 घ्यायचा. क्षणात मराठी दिसतं. कृतिदेवचं युनिकोड करून देणाऱ्या सोयी इंटरनेटवरही मिळतात. फॉन्ट दुसराच असेल तर मात्र मराठी अक्षरं दिसतील पण शब्द लागणार नाहीत, तेव्हा ओढूनताणून अर्थ लावू नका. आणि मजकुरात खाते क्रमांक किंवा आधार क्रमांक दिसत असेल तर अनोळखी साइटवर तो चिकटवू नका. तसंच दुकानात उलगडायला नेताना ध्यानात ठेवा, दुकानदार तो वाचणार आहे. कुणाच्या घरची गोष्ट आपल्यामुळे स्टँडवर जायला नको.

हे सगळं झाल्यावर, एखाद्या निवांत दिवशी, बिघाडाचं कारण त्या ताईंना जरूर सांगा. कारण कळलं की मनातली रुखरुख जाते. त्याहून चांगलं म्हणजे दुकानातल्या मुलाशी बोला, कारण उपाय त्याच्या हातात आहे. त्याला म्हणायचं, ‘व्हॉट्सॲपवर पाठवायचं असेल तेव्हा मजकूर उचलून चिकटवू नकोस. पीडीएफ करून पाठव, नाहीतर छापलेल्या कागदाचा फोटो पाठव.’ पीडीएफमध्ये फॉन्ट सोबत जातो, म्हणून अक्षरं बदलत नाहीत. किंवा त्याने मंगल फॉन्टवर टाइप करावं, तो युनिकोडचा आहे. गावातल्या एका दुकानात एकदा सांगून ठेवलंत की त्या रस्त्याने येणारे सगळेच मेसेज सुधारतात.

इंग्रजी अक्षरांतलं मराठी

दुसरा प्रकार तुम्हाला रोजच भेटत असेल. गिऱ्हाइकाचा पहिला मेसेज, मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत, कधी अर्धा असा अर्धा तसा. मुंबईच्या सुना, चाकरमान्यांची मुलं असंच लिहितात. हा वाचता येतो, म्हणून आपण सावध नसतो.

कोकमाच्या हंगामात एका गटाला आलेला हा मेसेज बघा:

```
tai kadhi milel? sath batli
```

‘ताई, कधी मिळेल?’ की ‘ताई, कढी मिळेल?’ आगळ विकणाऱ्या गटाला हे दोन्ही प्रश्न येतात. आणि sath म्हणजे साठ? की घाईत लिहिलेलं सात? साठ बाटल्या आणि सात बाटल्या यांत कोकमाच्या किती पाट्या लागतात ते तुम्हीच जाणता. इंग्रजी अक्षरांत ध आणि ढ, त आणि ट, न आणि ण, ल आणि ळ वेगळे दिसत नाहीत. बोलताना आपला कान ते भेद करतो, कागदावर ते उरत नाहीत.

‘तुम्हाला कधी म्हणायचंय की कढी?’ असं थेट विचारता येतं, पण पहिल्याच मेसेजला गिऱ्हाइकाला परीक्षा दिल्यासारखं वाटतं. त्यापेक्षा दोन्ही अर्थांना पुरेल असं उत्तर द्या:

```
Namaskar tai. Agal shanivari tayar hoil.
Tayar solkadhi havi asel tar tasa sanga.
60 batlya lihun ghete, barobar?
```

त्यांनी ज्या लिपीत लिहिलं त्याच लिपीत उत्तर दिलंय. मराठी देवनागरीत लिहा म्हणून सुचवायची ही जागा नव्हे. कदाचित त्यांचं शिक्षण इंग्रजीतून झालं असेल, देवनागरी वाचायला वेळ लागत असेल, आणि ते सांगायची त्यांना लाज वाटत असेल. संख्या आकड्यांत लिहिलीय. सात हव्या असतील तर ‘नाही नाही, 7’ असं त्या सहज म्हणतील, चूक कुणाचीच ठरणार नाही.

आकड्यांचंही एक सांगते. आपल्या दाभोळची, दापोलीची कितीतरी कुटुंबं आखाती देशांत आहेत. तिथून भाभींचा किंवा त्यांच्या मुलींचा मेसेज येतो, कधी उर्दूत, कधी इंग्रजी अक्षरांत, आणि फोन अरबीवर लावलेला असला तर आकडे अरबी पडतात. ٥٠ असं दिसलं तर ते पन्नास आहे. अरबी पाच आपल्या शून्यासारखा गोल असतो आणि अरबी शून्य म्हणजे नुसता ठिपका. पहिल्यांदा बघणारीला वाटतं शून्य आणि त्यापुढे टिंब, म्हणजे काही नकोच. उलट आपला १ तिकडच्या माणसाला इंग्रजी 9 सारखा वाटू शकतो, मग आपल्या १० चे तिकडे 90 होतात. म्हणून अशा ऑर्डरला उत्तर देताना संख्या अक्षरांतही लिहा: ‘50, म्हणजे पन्नास डबे, लिहून घेतले.’ उर्दू मजकूर वाचता येत नसेल तर गावात वाचणाऱ्या शेजारणी आहेत. पण आधी पाठवणाऱ्या भाभींना विचारा, ‘भाभी, आवाजात पाठवता का? मला उर्दू वाचता येत नाही.’ इथे सरळ सांगण्यात कुणाला कमीपणा नाही. लिपी येत नाही ती आपल्याला.

आपला पहिला मेसेज

शेवटी एक उलटी बाजू. आपणही कुणाला तरी पहिला मेसेज पाठवत असतो. गटात एखाद-दुसरी ताई अजून साध्या बटणांच्या फोनवाली असते. बैठकीची वेळ बदलली म्हणून आपण तिला मराठीतून एसएमएस टाकतो, आणि तिच्या जुन्या फोनवर नुसते चौकोन उमटतात. ती ते कुणाला सांगत नाही. बैठकीला येत नाही, आणि वहीत गैरहजेरी लागते.

शिवाय मराठी एसएमएस लवकर संपतो. इंग्रजी अक्षरांत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात, मराठीत ७०, आणि त्यात काना-मात्रा-वेलांट्या वेगळ्या मोजल्या जातात. त्यापुढे गेलं की तुकडे पडतात, आणि काही जुन्या फोनवर ते मागेपुढे येतात. म्हणून नवी सभासद नोंदवताना नाव आणि नंबराच्या शेजारी आणखी एक रकाना करा: ‘निरोप कसा द्यायचा?’ फोन, आवाजी मेसेज, मराठी, इंग्रजी अक्षरं, की शेजारच्या अमक्यातमक्याकडे. पहिल्याच दिवशी, सगळ्यांना सारखाच विचारलेला हा प्रश्न कुणाला टोचत नाही.

त्या ताईंच्या गटाने हा रकाना केला. त्यांच्या नावापुढे ‘आवाजी मेसेज’ असं लिहिलंय. हल्ली त्या ग्रुपवर बोलून पाठवतात, मागे कोंबड्यांचा आवाज येतो, आणि हप्ता कधी भरणार ते सगळ्यांना स्पष्ट ऐकू येतं.